मुमताज आपांचे आभार आणि दादाचा बॅनर

मला बोलता येत होतं. हे आधी लिहून ठेवते, कारण आमच्या गव्हाण गावात त्या काळी अर्ध्या लोकांचा समज होता की जनार्दनची बहीण मुकी आहे. मला बघायला आलेल्या एका स्थळाच्या मंडळींनी तर जाताना आयच्या हातावर हात ठेवून, पनवेलात एक चांगला डॉक्टर आहे, असं सांगितलं होतं. मला त्यांनी नाव विचारलं तेव्हा मी ते सांगितलंही होतं, पण पोह्यांच्या बशीकडे बघून सांगितलं होतं, आणि त्याच वेळी दारासमोरून विटांचा डंपर गेला. आमच्या घरात असंच व्हायचं. मी तोंड उघडायला आणि काहीतरी मोठं वाजायला एकच गाठ पडायची.

घर म्हणजे नुसता आवाज होता. दादा, म्हणजे जनार्दन, रेती-विटा-खडी पुरवायचा. खाडीकडची आमची जमीन सरकारी प्रकल्पात गेली, तिच्या बदल्यात जे मिळालं त्यातून त्याने हा धंदा उभा केला होता, आणि धंदा म्हणजे त्याच्या मते ओटीवर उभं राहून फोनवर ओरडणं. बाबांना ऐकायला कमी यायचं, त्यामुळे त्यांच्याशी सगळेच ओरडून बोलायचे आणि ते सगळ्यांना ओरडून उत्तर द्यायचे. आय स्वयंपाकघरातून दोघांनाही ओरडायची. प्रमिला वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं की घरात भांडण चाललंय. मग तिच्या लक्षात आलं की जेवायला बोलावतायत. ती जासईची, शांत स्वभावाची. आम्ही दोघी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसायचो आणि एकमेकींशी इतक्या हळू बोलायचो की मांजर मध्ये बसून आळीपाळीने तोंडाकडे बघायचं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा लांब होती आणि तिथे म्हणे बाकावर उभं राहून उत्तर द्यायला लागायचं. आयला घरात हात हवे होते, मला कोपरा हवा होता, दोघींचं जमलं. पण चौथीपर्यंतचं जे होतं ते माझं पक्कं होतं. अक्षर गोल यायचं. अजूनही येतं; आता फक्त ओळी खाली उतरत जातात, उलव्याच्या खाडीकाठच्या खाजणात उतरावं तशा.

लग्न जमेना म्हणून दादाने ठरवलं की मला धंद्याला लावायचं. आमची चांगुणा आत्या करंज्याला दिलेली. ती पनवेलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची: बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. आत्याचा आवाज असा की ती करंज्यात बोलली तर पनवेलात भाव पडावा. दादा म्हणाला, "वनीला आत्याजवल बसवा. चार दिवसांत तोंड उघडंल." बसले. तोंड उघडलं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, बोंबील कसे, तर मी भाव सांगायची, पण तो ऐकायला त्याला वाकावं लागायचं, आणि सुक्या मासळीवर इतकं खाली वाकायची कोणाचीच तयारी नसते. एक बाई वाकल्या, त्यांनी विचारलं, "कडक आहेत ना?" मी म्हटलं, "वरचे हायत. खालचे जरा दमट." त्या उठून गेल्या. आत्याने कपाळाला हात लावला. "अगं खालचं कशाला सांगतंस? ती काय खाली बघनार होती?"

मग मी बोलणंच सोडून दिलं आणि जवळा निवडायला लागले. काही तरी करायला हवं म्हणून. जवळ्यात वाळूचे कण असतात, काड्या असतात, कुठे बारकं शिंपलं. मी पाटीच्या पाट्या निवडायची. मुमताज आपांची आणि माझी गाठ तिथे पडली.

आपा म्हणजे पनवेलात मोहल्ल्याच्या कडेला ज्यांचं जेवणाचं किचन होतं त्या. लग्नाची, मुसलमानांत बाळ झाल्यावर करतात त्या अकिकाची, साखरपुड्याची, कुठल्याही धर्माची ऑर्डर घ्यायच्या. उंच, सडपातळ, डोक्यावर ओढणी घट्ट, हातात कायम एक लांब दांड्याचा डाव. बाजारात यायच्या तेव्हासुद्धा. डावाने त्या माल दाखवायच्या. त्यांनी माझ्यासमोरच्या जवळ्यात डाव घातला, उचलला, उजेडाकडे धरला आणि आत्याला विचारलं, "हा कोणी निवडला?"

"ही. माजी भाची. बोलत नाय."

"बोलायला सांगितलंय कोणी? सगळा द्या. पुढच्या जुम्म्यालाही हिनेच निवडलेला पाहिजे."

असे बरेच शुक्रवार गेले. मग एकदा आपा म्हणाल्या, "बेटा, माल घेऊन किचनला ये. तुझ्याशी बोलायचंय." बोलायचंय म्हणजे मलाही बोलायला लागणार.

आपांच्या किचनमध्ये एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी पाहिली. एक शेठ जेवणाची चव बघायला आले होते. एक घास खाऊन म्हणाले, "वा आपा, लाजवाब! असं जेवण जन्मात खाल्लं नाही." आपा खूश होतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "लाजवाब म्हणजे काय? मीठ? तिखट? तांदूळ कच्चा आहे का? नीट सांगा, नाहीतर गप जेवा. जन्मात खाल्लं नाही म्हणता, मागच्या वर्षी तुमच्या मुलीच्या लग्नात माझंच जेवण होतं." शेठ गप जेवले. किचनमधल्या बायकांनी मला नंतर सांगितलं की आपांना फुगवलेलं बोलणं अजिबात चालत नाही, आणि त्यांना स्वतःला एखादा पदार्थ फारच आवडला तर त्या एवढंच म्हणतात, "मीठ बरोबर आहे." त्यांच्याकडे जुन्या असलेल्या एका बाईला हे वाक्य एकदाच मिळालं होतं आणि ती ते लग्नात मिळालेल्या पाटल्यांसारखं सांगायची.

त्या दिवशी आपांनी मला पिंपावर बसवलं आणि विचारलं, "तुला काय येतं?"

"काय नाय."

"घरी जेवतेस?"

मी मान हलवली.

"ते काय असतं?"

"भाकरी."

"कोण करतं?"

"मी."

"तर मग येत नाही म्हणून खोटं का बोलतेस? कर."

मी केली. तांदळाची. पाण्याला आधण आणून त्यात पीठ टाकलं, झाकलं, वाफ मुरू दिली, मग गरम असतानाच मळलं. हात भाजतो, पण गार झालेलं पीठ कडेला फाटतं. परातीत पाण्याच्या हाताने थापली, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, उलटली, मग जाळावर. टम्म फुगली. आपांनी ती मोडली, कड बघितली, मधला भाग बघितला, काही न घालता कोरडीच खाल्ली. बोलल्या काहीच नाहीत. मीठ बरोबर आहे असंही नाही. तांदळाच्या भाकरीत मीठ नसतंच, हे मला घरी आल्यावर सुचलं आणि जरा बरं वाटलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. म्हणाल्या, बाजारात बसणं तुझं काम नाही, ते सोड. तुला विकता येत नाही, करता येतं. तुमच्या गावांत हळदीला शेकड्याने भाकऱ्या लागतात आणि घरच्या बायका सकाळपासून चुलीपुढे बसून हळदीत नाचायच्या राहतात. त्यांच्या भाकऱ्या तू कर. बोलायला दुसरं माणूस ठेव. तुझी आत्या आहे ना, तिचा आवाज फुकट जातोय बोंबलांवर. ऑर्डर कागदावर लिहून घे, तारीख, घर, किती. चौथी झालीय, तेवढं येतं. आणि हातांना झेपेल तेवढंच घे. जास्त मागतील. तेव्हा नाही म्हण.

"म्हणून दाखव," आपा म्हणाल्या.

"काय?"

"नाही म्हणून दाखव. मी आले ऑर्डर घेऊन. बेटा, उद्या मला दुप्पट भाकऱ्या पाहिजेत. देशील?"

"...नाय."

"हे नाही झालं. ही शिंक आली."

त्यांच्या अंगणात एक बकरा बांधलेला असायचा. आपांनी मला त्याच्यासमोर उभं केलं आणि सांगितलं, तो मान वर करेपर्यंत म्हण. मी नाय, नाय, नाय म्हणत राहिले. बकरा पाला खात राहिला. किचनमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी त्याने मान वर केली, पण ती बहुतेक बाहेर भोंगा वाजला म्हणून. आपा म्हणाल्या, "चालेल. बाकीचं गिऱ्हाइकं शिकवतील."

आणखी एक सांगितलं होतं त्यांनी, की तांदळाबरोबर चपात्याही कर, शहरात त्या जास्त खपतात. ते मात्र मी ऐकलं नाही. माझी चपाती गोल होत नाही आणि मला ती आवडतही नाही.

त्यानंतर मागच्या पडवीत दोन चुली मांडल्या गेल्या. मी आणि वहिनी थापायचो, शेजारची बेबीकाकी शेकायची, आत्या ऑर्डर घ्यायची. आत्या ऑर्डर घ्यायची म्हणजे अख्ख्या गावाला कळायचं कोणाकडे किती पाहुणे येणार. दादा आधी म्हणाला, "भाकऱ्या काय धंदा हाय?" मग गावातल्या हळदीत लोक त्याला "भाकऱ्यावाल्या वनीचा भाऊ" म्हणायला लागले आणि तो दोन दिवस जेवताना गप्प होता. आमच्या घरातली ती पहिली शांतता.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस आत्या बाजारातून बातमी घेऊन आली. आपा किचन बंद करून रत्नागिरीला लेकीकडे राहायला चालल्या होत्या, कायमच्या. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की गाडी.

माझ्या हातातली भाकरी परातीतच फाटली. मी आपांना कधी काही म्हटलंच नव्हतं. त्यांच्याकडे अधूनमधून जायची, पिंपावर बसायची, त्या विचारायच्या, "चाललंय?" मी मान हलवायची. एवढंच. आता त्या गेल्या की त्यांना कळणारच नव्हतं की मी ऐकलं होतं, आणि ऐकल्याचं काय झालं.

पण आमच्याकडे समोरच्या माणसाचे आभार मानायची रीतच नाही. आभार मानतात ते माईकवर, कार्यक्रमाच्या शेवटी, लोक जेवायला उठलेले असताना. घरात कोणी कोणाला धन्यवाद म्हटलं तर समोरचा विचारतो, "का रं, रागावलास?" आणि माझ्या तोंडून तर ते निघालंच नसतं. म्हणून मी ठरवलं, चिठ्ठी लिहायची.

पहिली चिठ्ठी मी सोमवारी दुपारी लिहिली. पत्र कसं लिहितात ते चौथीत शिकवलेलं आठवत होतं, म्हणून सुरुवातीला साष्टांग नमस्कार घातला, मग आपांना तो चालेल का अशी शंका आली, मग नुसता नमस्कार ठेवला. खाली लिहिलं, "तुम्ही मला कामाचा मार्ग दाखवलात, तुमचे आभार." बघितलं तर एवढंच झालं होतं. लग्नपत्रिकेच्या पाठीमागचा कोरा भाग होता, तो अर्धाही भरला नाही. शुद्धलेखन तपासून मिळावं म्हणून मी तो कागद दादाकडे दिला. दादा दहावी नापास, पण दहावीपर्यंत पोचलेला.

कागद दोन दिवस परत आला नाही. विचारलं तर म्हणाला, "मास्तरला दिलाय. तू बघ आता."

मास्तर म्हणजे गावातल्या लग्नपत्रिकांचा मजकूर लिहिणारे गृहस्थ. ते कधीच शाळेत शिकवायला नव्हते, पण त्यांच्या पत्रिकेत नवरदेव नेहमी चंद्र असायचा आणि मांडव स्वर्ग. आणि त्या वर्षी दादाला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी आत्या पनवेलहून धावत आली. तिचा आवाज आधी आला, मग ती. "वने! अगं वने! नाक्यावर लागलंस तू! पन अर्धीच दिसतंस!"

आपांच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, दादाने बॅनर लावला होता. मी रिक्षातूनच पाहिला. उतरायचं धाडस झालं नाही. वर गावदेवी. डाव्या बाजूला दादा, काळा चष्मा लावून, कानाला फोन लावून, पुरुषभर उंचीचा. खाली त्याचे मित्र शुभेच्छुक म्हणून ओळीने. आपा फोटो काढू देत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी गुलाबाचं फूल. माझाही फोटो दादाकडे नव्हता. त्याने स्वतःच्या लग्नातला शोधून काढला होता, त्यात मी मांडवाच्या खांबामागे उभी होते, एक डोळा आणि एक कान बाहेर. आणि मधोमध: "हजारो महिलांना रोजगाराचा मार्ग दाखवणाऱ्या, उद्योगविश्वातील तेजस्वी तारका, पनवेलची शान मुमताज आपा यांचे जाहीर आभार!" बॅनरवाल्याने तळाला पत्ता नसलेला बॅनर कधी छापलाच नव्हता, म्हणून त्याने स्वतःच्या मनाने घातलं होतं: "मार्गदर्शनासाठी भेटा," आणि किचनचा पत्ता.

घरी येऊन मी दादाला विचारलं, हजारो कुठून आल्या. माझा आवाज इतका हळू होता की त्याने तीनदा "काय?" केलं.

"अगं, एकटीचा बॅनर कोन वाचनार?" तो म्हणाला. "मास्तर बोलला, तू लिवलंस 'मला'. 'मला' म्हनजे एक. एकाचा आभार माननं बरं दिसत नाय. आन उद्या मी शाल घेऊन येतोय. फोटोवाला पन सांगितलाय. तू पुढं उभी रहा, बस."

मी पडवीत जाऊन बसले. आपा तो बॅनर वाचणार, आणि त्यांना वाटणार की वनिताने हे लिहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना माझ्याकडून मिळालेलं पहिलं बोलणं हे असणार होतं. आणि उद्या त्या जाणार.

वहिनी येऊन शेजारी बसली. तांदळाचं सूप मांडीवर घेतलं. म्हणाली, "तुमाला त्यांना काय सांगायचं हाय? मला सांगा."

तिला मी सांगायला लागले. जवळा, पिंप, भाकरी, बकरा. तांदूळ निवडता निवडता सगळं सांगून झालं.

"मग हेच लिवा," वहिनी म्हणाली.

"हे? बकरा?"

"मग? झालं ना ते?"

मी लिहायला बसले. आणि लिहिण्यापेक्षा खोडायलाच जास्त वेळ लागला. पहिल्यांदा लिहिलं, "तुम्ही मला देवासारख्या भेटलात." आपा हे वाचून तौबा तौबा म्हणतील हे दिसलं, खोडलं. मग लिहिलं, "तुम्ही मला आईसारख्या आहात." तेवढ्यात आय पाणी प्यायला आली, खोडलं. मग लिहिलं, "तुमच्यामुळे माझं आयुष्य बदललं." वहिनीने वर छपराकडे बघितलं, जिथून अजून गळत होतं, आणि मीही बघितलं. तेही खोडलं. एकेक शब्द हातात धरून आपांच्या डावातल्या जवळ्यासारखा उजेडाकडे न्यायचा आणि विचारायचं, हे झालं का? जे झालं नव्हतं ते खाली ठेवायचं. शेवटी उरलं ते हे. मी ते स्वच्छ कागदावर लिहिलं, आणि त्याची नक्कल माझ्याकडे अजून आहे:

"मुमताज आपांना वनिताचा नमस्कार. तुम्ही मला पिंपावर बसवून तीन गोष्टी सांगितल्या होत्या. बाजारात बसू नको, भाकऱ्या कर. बोलायला आत्याला ठेव. झेपेल तेवढंच घे, बाकीच्यांना नाही म्हण. मी तिन्ही केल्या. आता हळदीच्या दिवसांत आमच्या दोन चुली चालतात आणि वहिनी व बेबीकाकीलाही काम मिळतं. एकदा मी नाही म्हटलं नाही, तेव्हा शेवटच्या भाकऱ्या कच्च्या गेल्या. तेव्हापासून म्हणते. चपात्यांचं ऐकलं नाही, त्या मला जमत नाहीत. जवळा निवडताना बघून तुम्ही मला विचारलंत की तुला काय येतं, तसं आधी कोणी विचारलं नव्हतं. त्याबद्दल आभार. उत्तर पाठवू नका, प्रवासाची घाई असेल. बॅनर मी लिहिलेला नाही. वनिता."

शेवटची ओळ नंतर घातली, पण ती सर्वात आधी सुचली होती.

शुक्रवारी सकाळी मी एकटीच पनवेलला गेले. दादा उठायच्या आत निघायचं म्हणून भाकरीही खाल्ली नाही. आपांच्या गल्लीत शिरले आणि थांबले. किचनच्या दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत बायकांची रांग होती. कामोठ्याच्या, तक्क्याच्या, उरणकडच्या. कोणाच्या हातात मुलाचं मार्कशीट, कोणाच्या हातात लोणच्याची बरणी, एकीच्या कडेवर शिलाई मशीनचं डोकं. सगळ्या बॅनर वाचून आल्या होत्या. आत अर्धं सामान बांधलेलं, पातेली पोत्यांत भरलेली, आणि आपा उपड्या पातेल्यावर बसून एकेकीला विचारत होत्या, "तुला काय येतं?"

मी बाजूने पुढे जायला लागले तर एक जाड बाई म्हणाली, "ए, लाईन हाय. आमी काय चेहरे बघायला आलोय?"

मला सांगता आलं असतं की ही लाईन माझ्यामुळे लागलीय. पण ते सांगायचं म्हणजे बोलायचं. मी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. माझ्या पुढच्या बाईने वळून मला निरखून बघितलं आणि विचारलं, "तू ती बॅनरवरची ना?" मी घाईने मान फिरवली. "तीच," ती पुढच्या बाईला म्हणाली. "आशीच अर्धी दिसते."

रांग हळूहळू सरकत होती; माझ्या मागे नव्या बायका लागत होत्या आणि विचारून झालेल्याही तिथेच रेंगाळत होत्या. आपा कोणालाही लवकर सोडत नव्हत्या. लोणचंवालीला त्यांनी बोट बुडवून सांगितलं, तेल कमी आहे, महिन्यात बुरशी येईल. मशीनवालीला सांगितलं, ब्लाउज नको, शाळेचे गणवेश शिव, दरवर्षी लागतात. मार्कशीटवाल्या आईला सांगितलं, "मुलाला पाठव, तुला कशाला पाठवलंय?" बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. आपांच्या तोंडाकडे बघून कळत होतं की हे ज्याने केलं तो समोर आला तर डाव त्याच्या डोक्यात बसेल.

माझी पाळी आली. आपांनी वर बघितलं.

"तू? तुला कशाला मार्गदर्शन? हजारोंतली एक तू, ना?"

मी चिठ्ठी पुढे केली. आपांनी ती उलटसुलट केली. उर्दू त्या भराभर वाचायच्या, मराठी अक्षरं जुळवत. टेम्पोचा भोंगा पुन्हा वाजला. त्यांनी चिठ्ठी मला परत दिली.

"वाच. चष्मा सामानात गेला."

माझ्या मागे भिंत होती, पुढे आपा आणि बाजूला सगळी रांग कान लावून. मी वाचायला लागले. "मोठ्यानं!" जाड बाई ओरडली. मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. बकरा मी चिठ्ठीत घातला नव्हता, पण "नाही म्हण" आलं तेव्हा किचनमधल्या जुन्या बाया हसल्या. कच्च्या भाकऱ्या आल्या तेव्हा आपांची भुवई वर गेली. चपात्यांच्या ओळीला त्या म्हणाल्या, "हट्टी." "तसं आधी कोणी विचारलं नव्हतं" ही ओळ माझ्या तोंडून नीट निघाली नाही, ती मी कागदालाच सांगितली. बॅनरची ओळ मात्र सगळ्यांना ऐकू गेली.

"म्हणजे हजारो नाय?" कोणीतरी विचारलं. "ही एकटीच?" काही बायका निघून गेल्या. लोणचंवाली थांबली, तिला आणखी विचारायचं होतं.

आणि तेवढ्यात गल्लीत दादाचा आवाज शिरला. मागे फोटोवाला, त्याच्या मागे मास्तर, हातात शाल आणि नारळ. दादाने एका नजरेत सगळं बघितलं: रांग, आपा, माझ्या हातातला कागद. त्याचा चेहरा उजळला. "वा! चिठ्ठी पन लिवलीस? दे इकडं. मास्तर, ही वाचून घ्या, जरा वाढवा, पेपरला देऊ. आपा, तुमी जरा उभ्या रहा. वने, तू शाल धर."

त्याने कागदाला हात घातला.

"नाय," मी म्हटलं.

ते इतकं मोठ्याने निघालं की फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. मास्तरांच्या हातातून नारळ सुटून पातेल्यांच्या पोत्यावर पडला आणि सगळी पातेली एकदम वाजली. दादा माझ्याकडे असा बघत राहिला, जसं घरात कोणीतरी नवीन माणूस आलंय. मग त्याचा हात आपोआप मागे गेला. अंगणातला बकरा आता तिथे नव्हता, नाहीतर त्यानेही मान वर केली असती.

आपा उठल्या. माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, तिच्या चार घड्या घातल्या आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवली. दादाच्या हातातली शालही घेतली. चिनी मातीच्या बरण्यांना गुंडाळायला काहीतरी हवंच होतं. मग टेम्पोकडे जाता जाता माझ्याजवळ क्षणभर थांबल्या, चव घेतल्यासारखी जीभ ओठांवर फिरवली, आणि म्हणाल्या,

"मीठ बरोबर आहे."

त्या चिठ्ठीबद्दल बोलल्या की माझ्या 'नाय'बद्दल, हे मी विचारलं नाही. दादा पुढे निवडणूक हरला आणि त्याचं खापर बरीच वर्षं माझ्यावर फोडत राहिला, तेही मोठ्याने. आता शेजारी विमानतळ झालाय, आमच्या डोक्यावरून विमानं जातात आणि त्यांच्या आवाजात त्याचं काही ऐकू येत नाही. मी हे लिहितेय तेव्हा वहिनी पडवीत पीठ मळतेय. आत्ताच कोणीतरी उलव्याच्या टॉवरमधून हळदीची ऑर्डर घेऊन आलं होतं, उद्याच्या उद्या हवी म्हणे. मी आतूनच उत्तर दिलं. ऐकायला त्यांना वाकावं लागलं नाही.